त्याचा फोन साडेआठला का येऊ लागला?

"ताई, मी २७ वर्षांची. फेब्रुवारीत लग्न झालं आणि ऑगस्टमध्ये नवरा एमएस करायला अमेरिकेत डॅलसला गेला. मी साताऱ्यात सासू-सासऱ्यांबरोबर राहते. नोकरी कराडला बँकेत, रोज पावणेनऊची एसटी. आधी रोज सकाळी साडेसातला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. दिवाळी झाली आणि कुठं बिनसलं तेच कळत नाही. आता तो साडेआठला फोन करतो, तेव्हा मी चपला घालत असते. मी रात्री साडेदहाला केला तर तो क्लासमध्ये. 'तुला माझ्यासाठी वेळच नाही' असं तो म्हणतो आणि मीही तेच म्हणते. गेल्या आठवड्यात तीन दिवस बोललोच नाही. रात्री एक वाजेपर्यंत त्याचं लास्ट सीन बघत जागी असते, आणि तो चक्क ऑनलाइन असतो. सकाळी सासूबाई विचारतात, 'झालं का बोलणं?' मी हो म्हणते. अजून दीड वर्ष काढायचंय. टिकेल का हे?"
– एक वाचक, सातारा

तुझं पत्र वाचलं आणि आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. यंदा भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. त्यानंतर दहा दिवसांनी, २ नोव्हेंबरच्या रविवारी पहाटे, डॅलसची घड्याळं एक तास मागे गेली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे सरकवतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. आपल्याकडे ही भानगड नाही, त्यामुळे ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. तिकडे तर मोबाइलमधलं घड्याळ झोपेतच आपोआप बदलतं. तुझ्या नवऱ्याला त्या रविवारी तासभर जास्त झोप मिळाली असेल, बाकी काही जाणवलं नसेल.

तो पहिल्यापासून त्याच्या रात्री नऊलाच फोन करतोय. ऑक्टोबरपर्यंत त्याचे नऊ म्हणजे तुझे साडेसात होते, २ नोव्हेंबरपासून ते साडेआठ झाले. त्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही, तो वेळेवर फोन करतो आणि बायको 'आता नको, एसटी चुकेल' म्हणते. तुझ्या दृष्टीने नवरा रोज तासभर उशीर करतो, तोही नेमका निघायच्या वेळेला. दोघांनाही समोरचाच बदललाय असं वाटलं. यात लबाडी कुणाचीच नाही, तरी दोघांच्या रागाला कारण खरं आहे.

हिशोब सोपा आहे, पाठ करून टाक. हिवाळ्यात, म्हणजे आत्ता, आपल्या वेळेत अर्धा तास मिळवायचा आणि सकाळची रात्र करायची, रात्रीची सकाळ. तुझे सकाळचे सात म्हणजे त्याचे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. तुझे रात्रीचे साडेदहा म्हणजे त्याचे त्याच दिवशीचे सकाळचे अकरा, मग तो वर्गात असणारच. मार्च ते नोव्हेंबर अर्ध्या तासाऐवजी दीड तास मिळवायचा. एवढंच. (हे डॅलसपुरतं हं. नणंद किंवा मैत्रीण न्यू जर्सीला असेल तर तिचं गणित वेगळं.)

आता ते 'आदल्या दिवशीचे' पुन्हा एकदा वाच, कारण निम्मी भांडणं तिथे दबा धरून बसलेली असतात. मंगळवारी सकाळी तू त्याच्याशी बोलतेस तेव्हा त्याचा अजून सोमवार चालू असतो. तो म्हणतो, 'उद्या संध्याकाळी नक्की करतो.' त्याची उद्याची संध्याकाळ म्हणजे तुझी बुधवारची सकाळ. तू मात्र मंगळवारी संध्याकाळी कराडहून येऊन, हातपाय धुऊन, फोन समोर ठेवून बसतेस. फोन येत नाही. बुधवारी सकाळी तो आनंदाने करतो तेव्हा तुझं तोंड फुगलेलं. म्हणून 'उद्या' आणि 'आज रात्री' हे दोन शब्द तुमच्या बोलण्यातून काढून टाका. वार आणि गाव बोलायचं: 'तुझ्या बुधवारी, साताऱ्याच्या सकाळी सात.' आठ दिवस कानाला विचित्र लागेल, मग सवय होते.

लास्ट सीनचंही तेच. तुझ्या रात्री एक वाजता डॅलसला दुपारचा दीड वाजलेला असतो. भरदुपारी विद्यार्थी माणूस फोनवर दिसणारच. ग्रुप प्रोजेक्टवाल्यांचे निरोप असतात, कुणाचं घरभाडं वाटायचं असतं, जेवणाचा डबा खाता खाता फोन चाळणं असतं. तू ते बघतेस अंधारात, अंथरुणात पडून, आणि तुझ्या मनात तोही रात्री एकला जागा असतो. त्या अक्षरांना वेळेचं भान नसतं. उपाय सांगते, उपदेश नाही. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये स्वतःचं लास्ट सीन आणि ऑनलाइन दोन्ही बंद कर. स्वतःचं लपवलं की दुसऱ्याचंही दिसत नाही, असा त्या ॲपचाच नियम आहे. निग्रह करायची गरजच उरत नाही. फक्त बंद करण्याआधी त्याला सांग, नाहीतर तो त्याचा वेगळाच अर्थ काढत बसेल.

मग बोलायचं कधी? एक कोरा कागद आडवा धर आणि दोन पट्ट्या आख. वरच्या पट्टीत तुझा दिवस आणि खालच्या पट्टीत त्याचा, अर्ध्या तासाचा फरक धरून. तुझी पट्टी मी पत्रावरून बरीचशी भरू शकले. त्याची मात्र भरता येईना, कारण तुझ्या पत्रात त्याच्या दिवसाबद्दल एकच शब्द आहे: क्लासमध्ये. कुठल्या वारी वर्ग असतो, संध्याकाळचे वर्ग किती (एमएसचे पुष्कळ वर्ग संध्याकाळीच असतात), कॅम्पसवर काम करतो का? करत असेल तर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत परवानगी असते, आणि बरेच जण तेवढे पुरेपूर भरतात. स्वयंपाक कधी, झोप कधी? त्याला विचार. आणि त्यालाही विचार की माझी एसटी किती वाजता सुटते हे तुला माहीत आहे का. पैज लावते, त्याला 'सकाळी जाते' एवढंच माहीत असेल.

मला तुझ्या पट्टीवर तीन जागा दिसतात.

पहिली सकाळी साडेसहा ते सातची. तू ओट्याशी असशील, डब्याच्या पोळ्या चाललेल्या असतील. त्याचे संध्याकाळचे सात ते साडेसात, म्हणजे तोही बहुधा कुकर लावायच्या बेतात. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायचा, तिकडे त्याने फोडणीच्या डब्याला. इकडे शिट्टी, तिकडे शिट्टी. यात बोलणं असं फार नसतं. 'कांदा बारीक चिर की', 'मोहरी तडतडू दे आधी', 'आज साहेब रजेवर आहेत', एवढंच. पण एका घरात राहणारे नवराबायको तरी सकाळी याहून जास्त काय बोलतात? आठवड्यात दोन किंवा तीन दिवस पुरे, ज्या दिवशी त्याला संध्याकाळचा वर्ग नसेल ते. रोजचा हट्ट सोड. रोजचा व्हिडिओ कॉल हजेरीपटासारखा होतो, आणि एक दिवस चुकला की गैरहजेरी लागते.

दुसरी जागा तुझ्या हाताशीच आहे आणि तुमच्या दोघांच्याही लक्षात आलेली नाही, ती म्हणजे एसटी. पावणेनऊ ते दहा तू खिडकीशी बसून असतेस, तेव्हा त्याचे रात्रीचे सव्वानऊ ते साडेदहा असतात. तो ज्या वेळेला तुला फोन करू बघतो, जवळपास तीच वेळ. फक्त तिथे बोलता येत नाही. शेजारी कुणी ओळखीच्या वहिनी असतात, इंजिनाचा आवाज, मध्येच रेंज जाते. पण ऐकता येतं आणि लिहिता येतं. त्याने बोलून पाठवायचं, व्हॉइस मेसेज, दोन-तीन मिनिटांचे. तू इयरफोन लावून ऐकायचं आणि टाइप करून उत्तर द्यायचं. नागठाणे, उंब्रज, कराड असा तो सवा तास रोज तुमचा आहे, आणि त्यासाठी कुणाची झोप मोडायला नको.

तिसरी जागा रविवारची सकाळ, नऊ वाजता. त्याच्या शनिवारी रात्रीचे साडेनऊ. तुलाही सुट्टी, त्यालाही दुसऱ्या दिवशी वर्ग नाही. शिवाय बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, त्या दोन शनिवारीही हीच वेळ चालते, कारण त्याची शुक्रवारची रात्र मोकळी असते. हा कॉल फक्त दोघांचा. दार लावून, फोन चार्ज करून, हातात दुसरं काम न घेता.

गंभीर विषय सगळे तिसऱ्या जागेसाठी राखून ठेव. आठवड्यातल्या वेळांमध्ये नेहमी एकजण ताजा आणि दुसरा शिणलेला असतो. तुझ्या सकाळी तू उत्साहात आणि तो दिवसभराचा पिळून निघालेला. तुझ्या रात्री तो नुकता न्हाऊन आलेला आणि तुझ्या पापण्या जड. ताज्या माणसाला वाटतं, 'हा नीट ऐकतच नाही.' शिणलेल्याला वाटतं, 'हिला आत्ताच कसं सुचतं?' पैशाचा विषय, सासरचा विषय, 'तू त्या दिवशी असं का म्हणालास' हा विषय मंगळवारी निघाला तर कागदावर टिपून ठेव, 'रविवारी बोलू' म्हण आणि रविवारी खरोखर काढ. निम्मे विषय रविवारपर्यंत स्वतःच सुकून जातात. जे उरतात ते बोलायलाच हवेत.

माझंही सांगते. आमच्या लग्नानंतर हे तीन वर्षं मस्कतला होते. फरक अवघा दीड तासाचा, पण त्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि माझी रविवारी. मी आरामात असे तेव्हा ते साइटवर, आणि उलट. एसटीडी बूथवर काचेच्या खोक्यात उभं राहून समोरच्या मीटरचे लाल आकडे पळताना बघत बोलायचं. पैसे जातात म्हणून मी बोलायचे मुद्दे पोस्टकार्डाच्या मागे लिहून न्यायची. तेव्हा त्या मीटरचा राग यायचा. आता वाटतं, त्याच्यामुळे भांडण लांबायचं नाही आणि कामाचं बोलणं राहायचं नाही. तुमचा कॉल फुकट आहे, म्हणून त्याला शेवटही नसतो.

तो तीन दिवसांचा अबोला मात्र मला खटकला. एका घरात अबोला धरला तरी घर मध्ये पडतं. कुणीतरी चहाचा कप न बोलता पुढे ठेवतं, कुणीतरी तो घेतं, आणि बर्फ वितळायला सुरुवात होते. तुमच्यामध्ये तो कप नाही. फोन बंद म्हणजे सगळंच बंद, आणि मग रिकाम्या जागेत दोघं आपापल्या मनाने पटकथा लिहायला लागतात. म्हणून एकच नियम करा. रागात फोन ठेवायला हरकत नाही, पण पुढचा कधी हे सांगितल्याशिवाय ठेवायचा नाही. 'मी आत्ता चिडलेय, गुरुवारी साताऱ्याच्या सकाळी साडेसहाला बोलू.' मध्ये प्रेमाचे संदेश पाठवायची सक्ती नाही. एसटीत बसल्यावर 'बसले' एवढं लिहिलं तरी चालतं. तोच तुमचा चहाचा कप.

सासूबाईंना तू 'हो' म्हणतेस ते का, हे मला कळतं. बोलणं झालं नाही म्हटलं की चार प्रश्न येणार. पण त्या प्रश्नामागे आणखी एक गोष्ट असते, ती कुणी उघड बोलत नाही. त्यांचाही मुलगा गेलाय. तुझा कॉल लागला की तो हॉलमध्ये फिरतो, आधी सासरे, मग सासूबाई, मध्येच शेजारच्या काकू, आणि तुझ्या हातात येईपर्यंत त्याला वर्गाची वेळ झालेली. असं होत असेल तर आईवडिलांचा कॉल वेगळा हवा, आणि तो ठरवायचं काम नवऱ्याचं आहे, तुझं नाही. रविवारी संध्याकाळी साडेसातला, त्याच्या रविवारच्या सकाळी आठला, त्याने थेट वडिलांच्या फोनवर करावा. तू त्या वेळी हवं तर देवळात जा. त्यांना त्यांचा हक्काचा कॉल मिळाला की 'झालं का बोलणं' हा प्रश्न तुला कमी येईल. ओट्यापाशी चालणाऱ्या कॉलमध्ये सासूबाईंनी खुशाल 'जेवलास का रे' विचारावं, त्याने काही बिघडत नाही. रविवार सकाळ मात्र कुणाला देऊ नकोस.

आता पत्रातल्या ज्या शब्दावर मी सर्वात जास्त थांबले तो शब्द. 'दीड वर्ष'. हे तुझं गणित आहे, पदवी हातात येईपर्यंतचं. त्याचं गणित तेच आहे का? अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना सध्याच्या नियमांप्रमाणे पदवीनंतर १२ महिने तिथे काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. विषय विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग किंवा गणितातला असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. बहुतेक मुलं तिथे जातात तेव्हा हे धरूनच जातात, कर्ज फेडायचं असतं. म्हणजे त्याच्या डोक्यात कदाचित साडेचार वर्षं आहेत आणि तुझ्या डोक्यात दीड. हे कुणी लपवलेलं नसतं, 'तिला माहीत असेलच' असं धरलेलं असतं.

आणि तू तिकडे जायचं म्हटलंस तर? तो विद्यार्थी व्हिसावर आहे तोवर, ओपीटीच्या काळातसुद्धा, पत्नीला एफ-२ व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, पण नोकरी अजिबात करता येत नाही. कराडची नोकरी सोडून डॅलसच्या एका खोलीत दिवसभर त्याची वाट बघणं हे काहींना जमतं, काहींचं त्यात पार वाटोळं होतं. मी तुला जा किंवा जाऊ नको असं म्हणणार नाही. पण बँकेत बिनपगारी रजा किती आणि कुठल्या अटींवर मिळते, हे आत्ताच हेड ऑफिसला विचारून ठेव. नुसता फिरायला जाण्याचा व्हिसा आणि महिनाभराची रजा हाही एक मार्ग असतो. त्याने इकडे यायचं ठरवलं तर त्याच्या कागदांवर विद्यापीठाची प्रवासाची सही आणि व्हिसा दोन्ही चालू आहेत का, हे तिकीट काढण्याआधी बघायला सांग.

हे सगळं या आठवड्यात काढू नकोस. हे तू वाचशील तेव्हा तो सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेत असेल, त्या साधारण डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालतात. गेल्या तीन आठवड्यांतला त्याचा तुटकपणा काही अंशी परीक्षेचाही असणार. पुढे जानेवारीच्या मध्यापर्यंत त्याला सुट्टी आहे. त्यातला एक रविवार 'दीड की साडेचार' या एकाच प्रश्नाला दे.

टिकेल का, हे मी इथून सांगू शकत नाही, पण काय बघायचं ते सांगते. परीक्षा संपल्यावरही त्याला तुझ्याबरोबर कागद भरायला अर्धा तास मिळाला नाही, वेळापत्रक सांगायची टाळाटाळ झाली, पुढच्या वर्षांचा विषय निघाला की दरवेळी रेंज जाऊ लागली, तर ती घड्याळाची चूक नव्हे. किंवा तो तुझ्याकडे तू कुठे आहेस याचं लोकेशन आणि फोटो मागू लागला तर, आणि तू त्याच्याकडे मागू लागलीस तरीही. तसं झालं तर मला पुन्हा लिही, तेव्हाचं उत्तर वेगळं असेल. आत्ता तुझ्या पत्रात मला तसं काही दिसत नाही. भांडणाच्या मधल्या काळातही तो साडेआठला फोन करत होता, हे तूच लिहिलंयस.

कॅलेंडरमध्ये तुमच्या वेळा टाकताना टाइम झोन कोलकाता निवड, डॅलस नको. एसटी कुणासाठी सरकत नाही, त्यामुळे वेळ भारताची पक्की राहू दे आणि तासभर सरकायचं काम त्याच्याकडे. जानेवारीत त्याचं नवीन वेळापत्रक आलं की कागद नव्याने भरा. आणि ८ मार्चच्या रविवारी खूण कर. त्या दिवशी तिकडचं घड्याळ पुन्हा पुढे जाईल, आणि तो विसरला तर सोमवारी तुझा फोन साडेसहाऐवजी पहाटे साडेपाचला वाजेल. तेव्हा चिडू नकोस, 'घड्याळ बघ' एवढंच म्हण.